मिली आणि मूर मशीन: एकातून दुसरं कसं काढायचं आणि आउटपुट नेमकं कधी दिसतं

दोन मशीनं एकच काम करतात हे कागदावर सिद्ध करता येतं. पण तीच दोन मशीनं सर्किटमध्ये टाकली की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या आधी येतं, आणि मग बरोबर कोण यावर लॅबमध्ये वाद सुरू होतो. मिली आणि मूर मशीनच्या बाबतीत हे हमखास घडतं. त्याचं एक कारण असं की इंजिनिअरिंगला हा विषय दोनदा शिकवला जातो. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये फक्त चिन्हांची माळ असते, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये खरं क्लॉक असतं, आणि या दोहोंची सांगड घालायचं काम विद्यार्थ्यावर सोडलेलं असतं. इथे एकच उदाहरण घेऊन दोन्ही बाजूंनी पूर्ण सोडवू.

जॉर्ज मिली आणि एडवर्ड मूर हे दोघेही बेल लॅब्समधले. मिलीचा लेख १९५५ साली बेल सिस्टीम टेक्निकल जर्नलमध्ये आला, मूरचा १९५६ साली. फरक एका ओळीत सांगता येतो. मिली मशीनमध्ये आउटपुट हे आत्ताची स्टेट आणि आत्ताचं इनपुट या दोन्हींवर ठरतं, म्हणून आकृतीत ते बाणावर लिहितात. मूर मशीनमध्ये ते फक्त स्टेटवर ठरतं, म्हणून ते गोलाच्या आत लिहितात.

## उदाहरण: `101` ओळखणारं मशीन

दर क्लॉकला एक बिट येतो. शेवटचे तीन बिट `101` असले की आउटपुट 1 द्यायचं, एरवी 0. एका `101` चा शेवटचा 1 पुढच्या `101` चा पहिला 1 म्हणून चालतो, म्हणजे `10101` मध्ये दोन वेळा उत्तर आलं पाहिजे.

मिली मशीनला तीन स्टेट पुरतात. A म्हणजे उपयोगाचं काही हातात नाही, B म्हणजे शेवटी 1 आला आहे, C म्हणजे शेवटी `10` आले आहेत. प्रत्येक खणात पुढची स्टेट आणि तिरप्या रेघेनंतर आउटपुट:

| आत्ताची स्टेट | x = 0 | x = 1 |
|---|---|---|
| A | A / 0 | B / 0 |
| B | C / 0 | B / 0 |
| C | A / 0 | B / 1 |

रूपांतर करायचं तर गोल आणि बाण काढत बसू नका, तक्ताच वापरा. आकृतीत एखादा बाण सुटला तर तो डोळ्यांना दिसत नाही. तक्त्यात रिकामा खण लगेच खुपतो.

## मिलीतून मूर

पहिली पायरी: प्रत्येक स्टेटमध्ये कोणती आउटपुटं घेऊन बाण शिरतात ते लिहा. इथे घाईत अनेक जण स्टेटमधून बाहेर पडणारे बाण बघतात. बघायचे असतात आत येणारे. मूरमध्ये आउटपुट त्या स्टेटचं स्वतःचं होणार आहे, म्हणून त्या स्टेटला पोचताना काय छापलं गेलं होतं हे महत्त्वाचं.

वरच्या तक्त्यात A कुठे कुठे दिसते ते शोधा. A मधून 0 वर आणि C मधून 0 वर, दोन्हीकडे आउटपुट 0. C फक्त B मधून 0 वर दिसते, आउटपुट 0. B मात्र तीन ठिकाणी दिसते: A मधून आउटपुट 0, B मधून 0 आणि C मधून 1.

दुसरी पायरी: जिथे दोन वेगळी आउटपुटं घेऊन बाण येतात ती स्टेट फोडा. A आणि C ला एकेकच आउटपुट आहे, त्या तशाच राहतात आणि त्यांच्यावर 0 लिहायचा. B चे दोन तुकडे होतात: 0 घेऊन पोचलो तर B0, 1 घेऊन पोचलो तर B1.

काही पुस्तकं सगळ्या स्टेट सगळ्या आउटपुटांनी गुणायला सांगतात. ३ स्टेट आणि २ आउटपुटं म्हणजे ६ जोड्या. तसं केलंत तरी चालेल, पण A1 आणि C1 मध्ये कुठूनच बाण येत नाही, म्हणून त्या शेवटी खोडाव्याच लागतात. सहा हा वरचा बांध झाला. लागतात तेवढ्याच काढलेल्या बऱ्या.

तिसरी पायरी: बाण नव्याने लावा. मिलीच्या तक्त्यात `B / 0` असेल तिथे B0 लिहा, `B / 1` असेल तिथे B1. B0 आणि B1 च्या ओळी मूळ B च्या ओळीचीच नक्कल असतात, कारण पुढे काय करायचं हे कसं पोचलो यावर अवलंबून नाही.

| स्टेट | आउटपुट | x = 0 | x = 1 |
|---|---|---|---|
| A | 0 | A | B0 |
| B0 | 0 | C | B0 |
| B1 | 1 | C | B0 |
| C | 0 | A | B1 |

चौथी पायरी: सुरुवातीची स्टेट ठरवा. इथे A फुटली नाही, म्हणून प्रश्न नाही. सुरुवातीची स्टेटच फुटली असती तर तिच्या तुकड्यांपैकी कोणताही चालला असता, कारण फरक फक्त पहिलं इनपुट येण्याआधीच्या आउटपुटात पडतो. आणि तिच्यात एकही बाण शिरत नसेल तर तिच्यावर लिहायला आउटपुटच नसतं. तेही आपणच ठरवायचं. परीक्षेत हे कोणी विचारत नाही. सर्किटमध्ये मात्र रिसेट झाल्यावर पहिल्या क्लॉकला मोटर फिरेल की नाही, हे याच निवडीवर ठरतं. म्हणून जे आउटपुट आल्याने काहीच बिघडणार नाही ते निवडावं.

आता पडताळा. `10101101` हे इनपुट दोन्ही मशीनना द्या.

```
इनपुट          1  0  1  0  1  1  0  1
मिली स्टेट  A  B  C  B  C  B  B  C  B
मिली           0  0  1  0  1  0  0  1
मूर स्टेट   A  B0 C  B1 C  B1 B0 C  B1
मूर         0  0  0  1  0  1  0  0  1
```

आठ इनपुटांना मिली आठ आउटपुटं देतं आणि मूर नऊ. मूरचं पहिलं 0 हे A मध्ये नुसतं बसल्याचं आउटपुट आहे. ते वगळलं तर दोन्ही माळा तंतोतंत जुळतात. थिअरीच्या विषयात समतुल्यतेचा अर्थ एवढाच असतो: पहिलं चिन्ह सोडून बाकी सारखं. 'एक क्लॉक उशीर' असं सगळे म्हणतात तो या पहिल्या जास्तीच्या चिन्हात लपलेला आहे. तो तिथे कसा आला हे पाहायला याहून लहान मशीन घेऊ.

एकच स्टेट असलेलं मिली मशीन घ्या, जे इनपुट आलं तेच आउटपुट म्हणून देतं. सर्किटमध्ये ही नुसती एक तार झाली. आता वरच्या पायऱ्या लावा. एकमेव स्टेट S मध्ये 0 घेऊनही बाण येतो आणि 1 घेऊनही, म्हणून तिचे S0 आणि S1 होतात. इनपुट 0 आलं की S0 मध्ये जा, 1 आलं की S1 मध्ये. आउटपुट म्हणजे आत्ताची स्टेट. हा तर डी फ्लिप-फ्लॉप झाला! तारेचं मूर रूप काढलं आणि फ्लिप-फ्लॉप हातात आला. स्टेट फोडणं म्हणजे आउटपुट आठवणीत ठेवायला जागा करणं, आणि आठवणीत ठेवायचं तर क्लॉकच्या एजची वाट पाहावी लागते. उशीर कोणी मुद्दाम घातलेला नाही, तो फोडण्याबरोबर आपोआप येतो.

## मूरमधून मिली, आणि त्याच्या दोन पद्धती

उलटं रूपांतर सोपं आहे असं म्हणतात. ते खरंही आहे, पण इथे एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली पद्धत थिअरीच्या पुस्तकातली. प्रत्येक बाणावर तो बाण जिथे पोचतो त्या स्टेटचं आउटपुट लिहायचं. आपल्या मूर तक्त्यावर ते केलं तर:

| स्टेट | x = 0 | x = 1 |
|---|---|---|
| A | A / 0 | B0 / 0 |
| B0 | C / 0 | B0 / 0 |
| B1 | C / 0 | B0 / 0 |
| C | A / 0 | B1 / 1 |

B0 आणि B1 च्या ओळी आता अक्षरशः सारख्या आहेत. मूरमध्ये त्या एकत्र करता येत नव्हत्या, कारण दोघींची आउटपुटं वेगळी होती. मिलीत आउटपुट बाणावर गेलं, स्टेटमध्ये फरक उरला नाही, म्हणून त्या एकच मानायच्या आणि पुन्हा A, B, C असं मूळ मशीन मिळतं. एकत्र करायची ही पायरी विसरलात तर मशीन चुकीचं ठरत नाही, पण एक स्टेट उगाच वाहत राहते. मूर तक्ता बरोबर काढला होता का हे बघायलाही हा परतीचा प्रवास उपयोगी पडतो: परत येऊन मूळ मशीन मिळालं नाही तर कुठेतरी बाण चुकला आहे.

दुसरी पद्धत सर्किटवाल्यांची. बाणावर तो जिथून निघतो त्या स्टेटचं आउटपुट लिहायचं. म्हणजे A च्या दोन्ही बाणांवर 0, B1 च्या दोन्ही बाणांवर 1. हेही रीतसर मिली मशीनच आहे, फक्त त्याचं आउटपुट इनपुटकडे बघत नाही. त्याला तेच इनपुट दिलं तर काय येतं ते बघा.

```
इनपुट              1 0 1 0 1 1 0 1
पोचण्याचं आउटपुट    0 0 1 0 1 0 0 1
निघण्याचं आउटपुट    0 0 0 1 0 1 0 0
```

खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर उजवीकडे सरकली आहे आणि शेवटचा 1 अजून बाहेर पडायचा आहे. पहिल्या पद्धतीने चिन्हांची माळ जुळते पण क्लॉकमधली जागा सरकते. दुसऱ्या पद्धतीने क्लॉकमधली जागा जशीच्या तशी राहते आणि माळ सरकलेली दिसते. चालू सर्किटमधलं मूर मशीन काढून तिथे पहिल्या पद्धतीचं मिली बसवलं तर आउटपुट एक क्लॉक आधी येऊ लागेल, आणि शेजारचं सर्किट त्यासाठी तयार नसेल. म्हणून रूपांतर करण्याआधी विचारा: मला माळ जपायची आहे की वेळ?

## क्लॉकच्या काट्यावर

आता खरे आकडे घालू. क्लॉक १०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक चढती एज: ०, १०, २०, ३०, ४० वर. सोयीसाठी धरू की एजनंतर फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट १ नॅनोसेकंदाने बदलतं, आउटपुटच्या गेटला आणखी १ लागतो, आणि x हे इनपुट प्रत्येक एजनंतर २ नॅनोसेकंदांनी नवा बिट घेतं. आउटपुटला z म्हणू. इनपुट `1`, `0`, `1`, `0`.

पहिला 1 वेळ २ ला येतो आणि १० च्या एजला वाचला जातो. ११ ला स्टेट B होते. १२ ला 0 येतो, २० ला वाचला जातो, २१ ला स्टेट C. आता २२ ला तिसरा बिट 1 येतो.

मिली मशीन इथेच बोलतं. स्टेट C आहे आणि x = 1 झालं, म्हणून २३ ला z वर जातं. एज अजून व्हायची आहे. ३० ची एज होते, ३१ ला स्टेट B होते, ३२ ला z खाली येतं. मिलीचा 1 हा २३ पासून ३२ पर्यंत, ९ नॅनोसेकंद टिकला.

मूर मशीन ३० च्या एजपर्यंत गप्प असतं. ३१ ला स्टेट B1, ३२ ला z वर. ४० च्या एजनंतर ४१ ला स्टेट बदलते आणि ४२ ला z खाली. पूर्ण १० नॅनोसेकंद, ३२ ते ४२.

पुढे याच क्लॉकवरचा दुसरा फ्लिप-फ्लॉप z वाचत असेल तर त्याला मिलीचा 1 हा ३० च्या एजला दिसेल आणि मूरचा ४० च्या. एक क्लॉकचा फरक म्हणतात तो हा. पण स्क्रीनवरच्या वेव्हफॉर्ममध्ये दोन वर जाणाऱ्या कडांमध्ये अंतर १० नव्हे, ९ नॅनोसेकंद आहे, आणि ते अंतर x कधी बदलला यावर हलतं. मूरची कड क्लॉकला बांधलेली आहे, मिलीची कड इनपुटला. याचे दोन परिणाम होतात.

एक परिणाम वेळेच्या हिशेबाचा. मिलीचं z २३ ला तयार झालं तेव्हा ३० च्या एजपर्यंत पुढच्या सर्किटला ७ नॅनोसेकंद मिळाले. पण समजा x देणारं सर्किट स्वतःच संथ आहे आणि बिट २२ ऐवजी २८ ला येतो. मग z २९ ला तयार, आणि पुढच्या सर्किटला उरला १. त्याला ३ लागत असतील तर सेटअपची वेळ चुकली. मूरमध्ये z कायम ३२ ला तयार असतं, ४० पर्यंत ८ नॅनोसेकंद हातात, मग x २२ ला येवो की २८ ला. टायमिंग रिपोर्टमध्ये इनपुटच्या पायापासून थेट आउटपुटच्या पायापर्यंत जाणारी वाट दिसली, मध्ये एकही फ्लिप-फ्लॉप नाही, तर समजावं की कुठेतरी मिलीचं आउटपुट बाहेर निघालं आहे.

दुसरा परिणाम जास्त फसवा आहे.

## जुना बिट, नवी स्टेट

`101` च्या मशीनमध्ये एक नशिबाची गोष्ट आहे. C मध्ये आपण नेहमी 0 वाचूनच पोचतो, आणि C मध्ये z वर जायला x = 1 लागतं. त्यामुळे स्टेट बदलली पण x अजून जुना आहे, अशा त्या १ नॅनोसेकंदाच्या फटीत काही चुकीचं होत नाही.

आता `11` ओळखणारं मिली मशीन घ्या. P म्हणजे काही नाही, Q म्हणजे शेवटी 1 आला; Q मध्ये x = 1 असेल तर z = 1. इनपुट द्या `1` आणि मग `0`, म्हणजे z कधीच वर जायला नको. पहिला 1 हा १० च्या एजला वाचला गेला, ११ ला स्टेट Q झाली. पण x अजून 1 च आहे, तो १२ ला बदलणार आहे! ११ ते १२ मध्ये सर्किटला Q आणि 1 दोन्ही दिसतात, आणि १२ ते १३ मध्ये z वर एक खोटा ठोका उमटतो. एकच 1 दोनदा मोजला गेला.

हा ठोका पुढच्या एजच्या आत विरतो, म्हणून एजवर वाचणाऱ्या फ्लिप-फ्लॉपला त्याचा त्रास नाही. पण z एखाद्या काउंटरच्या क्लॉकला जोडलं असेल, किंवा लॅचच्या एनेबलला, तर काउंटर चुकणार. आणि तो कधीकधीच चुकणार, कारण इतका अरुंद ठोका गेट दरवेळी पुढे जाऊ देतंच असं नाही. तापमान बदललं की चूक येते-जाते अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावं.

सिम्युलेशनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. अनेक जण टेस्टबेंचमध्ये x उतरत्या एजला बदलतात. ती पद्धत चांगली आहे, त्याने चढत्या एजवरची शर्यत टळते. पण मग मिलीचं z अर्धाच क्लॉक वर राहतं: उतरत्या एजला x आला की वर, चढत्या एजला स्टेट बदलली की खाली. `11` च्या मशीनमध्ये तर अर्धा क्लॉक लांबीचा खोटा 1 ठळक दिसतो. कोड बरोबर असूनही 'आउटपुट अर्ध्या क्लॉकचंच येतंय' म्हणून विद्यार्थी तासभर कोड उलटापालटा करत बसतो. मिलीचं आउटपुट पुढची चढती एज येण्याच्या जरा आधी वाचायचं असतं, मधल्या वेळचं चित्र हिशेबात धरायचं नसतं. टेस्टबेंचमध्ये तुलना करायची ती तिथेच.

## मूरही बिनठोक्याचं नसतं

मूरचं आउटपुट स्वच्छ असतं असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. आपल्या चार स्टेटना दोन बिट पुरतात. समजा A = `00`, B0 = `01`, C = `10`, B1 = `11`, आणि z म्हणजे दोन्ही बिटांचं अँड. आता B0 मधून C ला जा: `01` चं `10` होतं, दोन्ही बिट एकदम बदलतात. प्रत्यक्षात एक बिट क्षणभर आधी बदलतो. डावा आधी वर गेला तर मध्ये `11` दिसतं, आणि z वर खोटा ठोका येतो. मशीन मूर आहे, तरीही.

मग कोड वेगळे देऊन सुटका होईल का? दोन बिटांत B1 ला कोणताही कोड द्या, त्याच्यापासून एका बिटाने वेगळे असे दोन कोड असतात, आणि ते दोन एकमेकांपासून दोन्ही बिटांनी वेगळे असतात. त्या दोन कोडांवर A, B0, C पैकी कोणत्या तरी दोन स्टेट बसणार. पण A ते B0, B0 ते C, C ते A असे बाण आहेत, म्हणजे तिन्हींपैकी कोणतीही जोडी घेतली तरी त्यांच्यात ये-जा आहे. दोन बिटांत सुटकाच नाही.

तिसरा बिट घ्या आणि त्यालाच z म्हणा:

```
        z q1 q0
A       0  0  0
B0      0  0  1
C       0  1  0
B1      1  0  1
```

आता z कोणत्याही गेटमधून येत नाही, सरळ फ्लिप-फ्लॉपच्या पायावरून येतं. उरलेले दोन बिट बघा: A = `00`, B = `01`, C = `10`. हे तर मूळ मिली मशीनचेच कोड आहेत. म्हणजे हे मूर मशीन आणि 'मिली मशीनच्या आउटपुटवर एक फ्लिप-फ्लॉप बसवलेलं' सर्किट एकच आहे. कोडमध्ये ते इतकंच:

```verilog
// मिली: एजच्या आधीच दिसतं
assign z = (q == C) && x;

// तेच मूर रूपात: एका एजनंतर, ठोक्याविना
always @(posedge clk)
  if (rst) z_r <= 1'b0;
  else     z_r <= (q == C) && x;
```

माझ्या मते प्रत्यक्ष कामात मिलीचं मूर करायचं असेल तर कागदावर स्टेट फोडत बसूच नये. तीन स्टेटचं मिली तसंच लिहावं आणि आउटपुटला फ्लिप-फ्लॉप लावावा. `if (rst)` ची ओळ म्हणजेच आपली चौथी पायरी, सुरुवातीचं आउटपुट ठरवण्याची. कागदावरचं फोडणं हे का चालतं ते कळण्यासाठी.

## उशीर परवडत नाही तेव्हा

आउटपुट एका दिशेने पुढे जात असेल, म्हणजे ओळखलं आणि दिवा लावला, तर एक क्लॉक उशीर कोणालाच जाणवत नाही. आउटपुट फिरून आपल्याच इनपुटवर परिणाम करत असेल तर जाणवतो.

पाइपलाइनचा एक टप्पा घ्या. तो मागच्याला सांगतो की पुढचा शब्द पाठव किंवा थांब:

```verilog
assign ready_out = !full || ready_in;
```

म्हणजे माझी जागा रिकामी आहे, किंवा पुढचा आत्ताच माझ्याकडचा शब्द उचलतो आहे. `ready_in` इनपुट थेट `ready_out` आउटपुटमध्ये घुसतं, म्हणून हे मिली. असे दहा टप्पे एकापुढे एक लावले तर शेवटच्याचा 'थांब' एकाच क्लॉकमध्ये दहा गेटं पार करून पहिल्यापर्यंत पोचावा लागतो. आणि दोन मिली मशीनांची आउटपुटं एकमेकांच्या इनपुटला लागली तर मध्ये फ्लिप-फ्लॉप नसलेलं वर्तुळच तयार होऊ शकतं. सिम्युलेटर तिथे अडकतो आणि सिंथेसिसचं टूल कॉम्बिनेशनल लूपची सूचना देतं. एआरएमच्या एएक्सआय बसच्या नियमांत इनपुट आणि आउटपुट सिग्नलांमध्ये अशी थेट वाट असता कामा नये असं स्पष्ट म्हटलं आहे, ते यासाठीच.

म्हणून `ready_out` ला फ्लिप-फ्लॉप लावून मूर करतात. वाट तुटते, पण 'थांब' एक क्लॉक उशिरा पोचतो. मागच्या टप्प्याला अजून 'पाठव' च दिसत असतं, त्यामुळे तो आणखी एक शब्द सोडतो, आणि इकडे जागा भरलेली आहे. तो शब्द हरवतो. उपाय म्हणून टप्प्यात आणखी एका शब्दाची जागा ठेवावी लागते, तिला स्किड बफर म्हणतात: उशिरा आलेला तो एक शब्द तिथे थांबतो आणि वाट मोकळी झाली की नव्या शब्दांच्या आधी तोच पुढे जातो.

हे तपासताना सगळं सुरळीत वाहत असताना पाहून उपयोग नाही, तेव्हा एकही शब्द हरवत नाही. मागून शब्द सलग चालू ठेवून `ready_in` मधेच एका क्लॉकसाठी खाली आणा, मग दोन क्लॉकसाठी, आणि आत गेलेले शब्द क्रमांकासह बाहेर आलेल्यांशी जुळवा. स्किड बफर विसरला असेल तर पहिल्याच अडवणुकीला एक क्रमांक गायब झालेला सापडेल.